(8 + 3x)^(1/3) चा विस्तार दर वेळी चुकतो: चूक कुठे होते आणि ती कशी पकडायची

अपूर्णांक घाताच्या द्विपद श्रेणीची गणितं मी बरीच वर्षं तपासतो आहे. मजा अशी की सूत्र जवळजवळ सगळ्यांचं पाठ असतं. वही उघडली की वरच्या ओळीत सूत्र अगदी स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असतं आणि त्याच्या खालची पहिलीच ओळ चुकलेली असते. मग विद्यार्थी दुसरं उदाहरण घेतो आणि तिथेही तेच होतं. म्हणजे गडबड आकडेमोडीत नसते, सूत्रात किंमती भरण्याआधीच्या पायरीत असते.

म्हणून इथे एकच उदाहरण घेतो आणि त्याची नीट चिरफाड करतो. (8 + 3x)^(1/3) ची पहिली पाच पदं काढायची आहेत आणि अभिसरण त्रिज्या सांगायची आहे. माझ्यासमोर साधारण या तीन प्रकारची उत्तरं येतात:

```
(अ)  8 + x − x²/8 + ...
(आ)  2 + x/4 − x²/12 + ...
(इ)  2 + x/4 + x²/32 + ...
```

तिन्ही चूक आहेत. शिवाय खाली त्रिज्येच्या जागी |x| < 1 लिहिलेलं असतं, कारण "द्विपद श्रेणी |x| < 1 साठी चालते" हे वाक्य डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

मुळात सूत्र कशासाठी आहे

आपण जे सूत्र पाठ करतो ते असं आहे:

```
(1 + u)^n = 1 + n u + n(n−1)/2! u² + n(n−1)(n−2)/3! u³ + ...
```

कंसात पहिला आकडा १ आहे. तो ८ असेल तर हे सूत्र लागू होत नाही. त्यामुळे पेन उचलल्यावर पहिलं काम म्हणजे ८ कंसाबाहेर काढणं. आणि इथेच (अ) वाल्याचा पाय घसरतो. त्याने 8 + 3x = 8(1 + 3x/8) केलं, ते बरोबर आहे. पण घात लावताना ८ ला घात लावायचा राहून गेला. 1/3 हा घात सगळ्या कंसावर आहे, त्यामुळे बाहेर येणारा आकडा ८ नाही, ८ चं घनमूळ म्हणजे २ आहे:

```
(8 + 3x)^(1/3) = 8^(1/3) · (1 + 3x/8)^(1/3) = 2 (1 + 3x/8)^(1/3)
```

ही चूक पकडायला तीन सेकंद पुरतात. x = 0 ठेवा. मूळ राशीची किंमत ८ चं घनमूळ, म्हणजे २ येते. तुमच्या श्रेणीचं पहिलं पद २ नसेल तर पुढचं काही तपासू नका, या ओळीवर परत या.

आता u = 3x/8 असं वेगळ्या ओळीत लिहा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण (आ) ची चूक नेमकी ही ओळ गाळल्यामुळे होते. u² म्हणजे (3x/8)², म्हणजेच 9x²/64. घाईत कंस सुटतो, वर्ग फक्त x चा होतो आणि 3x²/8 उरतं. u हे अक्षर शेवटपर्यंत तसंच ठेवलं, सहगुणक आधी काढले आणि किंमत सगळ्यात शेवटी कंसासकट भरली, तर ही चूक होत नाही.

काही जण ८ बाहेर न काढता थेट (a + b)^n चा विस्तार वापरतात. म्हणजे a^n, मग n a^(n−1) b, असं पुढे. ते चुकीचं नाही. 8^(−2/3) = 1/4 आणि 8^(−5/3) = 1/32 हे जमत असेल तर उत्तर तेच येतं. माझी तक्रार वेगळी आहे. त्या वाटेने गेलं की u डोळ्यांसमोर येतच नाही, आणि त्रिज्या तर u मधूनच निघते.

सहगुणक: चिन्ह कुठे पलटतं

(इ) मध्ये आकडे सगळे बरोबर आहेत, फक्त एक चिन्ह चुकलं आहे. धन पूर्णांक घाताच्या वेळी n, n−1, n−2 हे घटक शून्यापर्यंत उतरत जातात, ऋण चिन्हाचा प्रश्न येत नाही. n = 1/3 असताना मात्र पहिल्याच पायरीला आपण शून्याच्या खाली जातो: 1/3 मधून १ गेला की −2/3, आणखी १ गेला की −5/3, मग −8/3. यातला कुठलाही घटक कधीच शून्य होत नाही, म्हणून श्रेणी कधी थांबतही नाही. (कॅल्क्युलेटरच्या nCr बटणाचा इथे उपयोग नाही. त्याला पूर्णांकच लागतात, 1/3 दिलं की बहुतेक कॅल्क्युलेटर एरर दाखवतात.)

प्रत्येक सहगुणक पहिल्यापासून काढण्यापेक्षा आधीच्या सहगुणकावरून पुढचा काढा. u^k चा सहगुणक हातात असेल तर पुढचा मिळवायला त्याला (n − k)/(k + 1) ने गुणायचं, बस. आपल्या उदाहरणात ते असं दिसतं:

```
u⁰ :  1
u¹ :  1 × (1/3)/1         =  1/3
u² :  1/3 × (−2/3)/2      = −1/9
u³ :  −1/9 × (−5/3)/3     =  5/81
u⁴ :  5/81 × (−8/3)/4     = −10/243
```

u² पासून पुढे प्रत्येक वेळी ऋण संख्येनेच गुणलं जातंय, म्हणून चिन्हं आलटून पालटून येतात. पहिली दोन पदं मात्र दोन्ही धन. 0 आणि 1 यांच्यामधल्या कुठल्याही घातासाठी चिन्हांचा हाच क्रम असतो: धन, धन, ऋण, धन, ऋण. (इ) सारखी तीन धन चिन्हं सुरुवातीला ओळीने दिसली तर n−1 ची वजाबाकी उलटी झाली आहे असं समजा.

आता u = 3x/8 भरायचं आणि बाहेरच्या २ ने गुणायचं. तिसरं पद सविस्तर बघू: 2 × (−1/9) × (9x²/64). ९ ला ९ ने भाग गेला, २ ने ६४ चे ३२ झाले, उरलं −x²/32. बाकीची पदंही अशीच निघतात:

```
(8 + 3x)^(1/3) = 2 + x/4 − x²/32 + 5x³/768 − 5x⁴/3072 + ...
```

ज्यांना संगणकावर ताळा करायचा असेल त्यांच्यासाठी पाच ओळी. अपूर्णांक अपूर्णांकच ठेवले आहेत, नाहीतर दशांशात 5/768 ओळखूच येत नाही.

```python
from fractions import Fraction as F
n, c = F(1, 3), F(2)
for k in range(6):
    print(k, c)
    c = c * (n - k) / (k + 1) * F(3, 8)
```

शेवटच्या ओळीत `c` मध्ये 11/24576 यायला हवा, तो x⁵ चा सहगुणक.

ताळा: उत्तराचा घन करा

x = 0 ठेवून फक्त पहिलं पद तपासलं जातं. बाकीच्या पदांसाठी याहून पक्का ताळा आहे आणि त्याला कुठलंही नवीन सूत्र लागत नाही. श्रेणी घनमूळाची असेल तर तिचा घन केल्यावर 8 + 3x परत मिळायला हवं आणि वरचे सगळे घात नाहीसे व्हायला हवेत.

स्थिर पद 2³ = 8. x चा सहगुणक 3 × 2² × (1/4) = 3. x² ला दोन ठिकाणांहून वाटा मिळतो: 3 × 4 × (−1/32) = −3/8 आणि 3 × 2 × (1/4)² = 3/8. बेरीज शून्य. x³ ला तीन ठिकाणांहून मिळतो: 5/64, −6/64 आणि 1/64. पुन्हा शून्य. हे शून्य येताना बघणं मला अजूनही आवडतं.

हाच ताळा (आ) ला लावा. तिथे x² चा सहगुणक −1/12 आहे, म्हणून 12 × (−1/12) + 3/8 = −5/8. शून्य नाही, म्हणजे x² चं पद चुकलं. (इ) मध्ये 3/8 + 3/8 = 3/4, तेही शून्य नाही. कुठलं पद चुकलं हेही यातून कळतं, कारण ज्या घातापाशी पहिल्यांदा शून्य येत नाही तेच पद चुकलेलं असतं.

ही युक्ती माझी नाही, न्यूटनची आहे. १६७६ च्या ऑक्टोबरमध्ये ओल्डेनबर्गला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितलं आहे की (1 − x²)^(1/2) ची श्रेणी मिळाल्यावर ती बरोबर आहे का हे बघायला त्याने तिला तिनेच गुणलं, आणि 1 − x² उरलं. सिद्धता त्याच्याकडे नव्हती. होता तो हा ताळा.

त्रिज्या: १ नाही, ८ नाही, ४ पण नाही

मूळ श्रेणी |u| < 1 साठी अभिसारी असते. आपला u म्हणजे 3x/8. तेव्हा |3x/8| < 1, म्हणजेच |x| < 8/3. त्रिज्या R = 8/3. u वेगळा लिहिला असेल तर हे काम एका ओळीचं आहे. नसेल लिहिला तर लोक |x| < 1 लिहितात, किंवा गुणाकार उलटा होऊन 3/8 लिहितात.

इथे एक फसवी जागा आहे, तीत चांगले विद्यार्थीसुद्धा अडकतात. गुणोत्तर कसोटी त्यांना येत असते. ते लागोपाठच्या दोन सहगुणकांचं गुणोत्तर घेतात, त्याचा व्यस्त करतात आणि त्यालाच त्रिज्या म्हणतात. आपल्या श्रेणीत बघा:

```
2 ÷ (1/4)           = 8
(1/4) ÷ (1/32)      = 8
(1/32) ÷ (5/768)    = 4.8
(5/768) ÷ (5/3072)  = 4
```

चौथी ओळ पाहिली की "त्रिज्या ४" लिहायचा मोह होतो, इतका गोल आकडा आहे. मागे फळ्यावर मी स्वतः एकदा याच ओळीपाशी थांबून "४ च्या आसपास" असं बोलून गेलो होतो. पुढची ओळ काढा: 3.64 येते. अजून घसरतेच आहे. कसोटी पहिल्या चार गुणोत्तरांबद्दल काही बोलत नाही, ती मर्यादेबद्दल बोलते. x^k आणि x^(k+1) यांच्या सहगुणकांसाठी, k = 1 पासून पुढे, हा भागाकार सर्वसाधारणपणे असा आहे:

```
8(k + 1) / (3k − 1)
```

k = 3 ठेवलं की 32/8 = 4, ते वर आलंच. k = 20 ला 168/59, म्हणजे सुमारे २.८५. k = 100 ला सुमारे २.७०. k वाढत गेला की हा भागाकार 8/3 कडे, म्हणजे २.६६७ कडे जातो, पण अगदी रेंगाळत. म्हणून मोजक्या पदांच्या आकड्यांवरून त्रिज्येचा अंदाज बांधू नका. सूत्र मांडा आणि मर्यादा घ्या.

त्रिज्येचा ताळा फलन बघूनही करता येतो. x = −8/3 ला कंस शून्य होतो आणि घनमूळाच्या आलेखाचा चढ तिथे अनंत होतो. घात श्रेणीला असा बिंदू पचत नाही. शून्यापासून त्याचं अंतर 8/3 आहे, तीच त्रिज्या.

कंसात x च्या जागी x² असला की हा विचार विशेष उपयोगी पडतो. (4 + x²)^(1/2) मध्ये u = x²/4. अट |x²/4| < 1, म्हणजे |x| < 2. उत्तरपत्रिकेत इथे हमखास ४ दिसतं, कारण वर्गमूळ घ्यायचं राहतं. "पण 4 + x² कधी शून्य होतच नाही, मग श्रेणी २ लाच का अडते?" असं एका मुलीने मला विचारलं होतं. प्रश्न अगदी रास्त आहे. वास्तव x साठी तो शून्य होत नाही, संमिश्र x साठी होतो: x = 2i आणि x = −2i ला. त्यांचं शून्यापासूनचं अंतर २. श्रेणीला ते बिंदू जाणवतात, आलेखात ते दिसत नाहीत इतकंच.

टोकांवर काय होतं

त्रिज्या विचारली असेल तर 8/3 लिहून काम संपतं. अभिसरणाचा अंतराल विचारला असेल तर मात्र x = 8/3 आणि x = −8/3 वेगळे तपासावे लागतात. घात धन असेल तर द्विपद श्रेणी दोन्ही टोकांना अभिसारी असते. म्हणून आपल्या उदाहरणात दोन्ही टोकं आत येतात आणि अंतराल [−8/3, 8/3] असा बंद होतो. घात −1 आणि 0 च्या मधला असेल, उदाहरणार्थ −1/2, तर u = 1 ला श्रेणी अभिसारी असते, u = −1 ला नाही. घात −1 किंवा त्याहून लहान असेल तर दोन्ही टोकं बाहेर. या सगळ्याची काटेकोर सिद्धता आबेलने १८२६ मध्ये दिली.

पण अभिसारी आहे म्हणून तिथे श्रेणी वापरायला जाऊ नका. x = −8/3 ला उत्तर शून्य यायला हवं. u = −1 ठेवून कंसातल्या श्रेणीच्या आंशिक बेरजा काढल्या तर १, ०.६६७, ०.५५६, ०.४९४, ०.४५३ असं येतं. हजार पदं घेतली तरी ०.०७ च्या आसपासच. शून्याकडे जाते, पण गोगलगायीच्या चालीने.

"श्रेणी बरोबर आहे, तरी किंमत भलतीच येते"

ही तक्रारही वारंवार येते. ताळा जुळतो, पदं बरोबर असतात आणि x = 8 ठेवल्यावर काहीतरी विचित्र येतं. अपेक्षित आहे ३२ चं घनमूळ, सुमारे ३.१७४८. पदं अशी येतात:

```
2 + 2 − 2 + 3.33 − 6.67 + 14.67 − ...
```

आंशिक बेरजा २, ४, २, ५.३३, −१.३३, १३.३३. प्रत्येक नव्या पदाने उत्तर जास्तच दूर जातं. यात आकडेमोडीचा दोष नाही, ८ हा 8/3 च्या कितीतरी बाहेर आहे. खूण सोपी आहे: पदं लहान होत जाण्याऐवजी मोठी होत असतील तर अट तपासा. उलट x = 0.1 ला हीच पाच पदं ८.३ चं घनमूळ २.०२४६९३८ इतकं अचूक देतात.

मग ३२ चं घनमूळ हवंच असेल तर? जवळचा पूर्ण घन बाहेर काढा, ८ नको. ३२ म्हणजे २७ अधिक ५:

```
32^(1/3) = 27^(1/3) · (1 + 5/27)^(1/3) = 3 (1 + 5/27)^(1/3)
```

आता u = 5/27, म्हणजे सुमारे ०.१८५, अटीच्या चांगला आत. सहगुणक तेच मघाचे: 1/3, −1/9, 5/81, −10/243. कंसातली पदं १ + ०.०६१७२८ − ०.००३८१० + ०.०००३९२ − ०.००००४८ आणि बाहेर ३ ने गुणून ३.१७४७९ येतं. खरी किंमत ३.१७४८०.